एक प्रश्न, दोन वाचनं: पीएमबॉकची प्रक्रिया-चौकट आणि नवी तत्त्वं

पीएमपी परीक्षेची तयारी करणाऱ्याच्या टेबलावर आज बहुधा दोन पुस्तकं असतात. एक पीएमबॉक गाइडची सहावी आवृत्ती, 2017 ची, साडेसातशे पानांची. दुसरी सातवी, 2021 ची, आकाराने तिच्या जेमतेम निम्मी. दोन्ही पुस्तकं अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेचीच. 1969 साली स्थापन झालेली ही संस्था प्रकल्प कसा चालवावा याचं मान्यताप्राप्त ज्ञान गाइडच्या रूपाने छापते आणि पीएमपी ही परीक्षाही घेते. गोंधळ असा, की पहिल्या पुस्तकात 49 प्रक्रिया पाठोपाठ मांडलेल्या आहेत आणि दुसऱ्यात तो क्रमच नाही. तिथे 12 तत्त्वं आहेत आणि 8 परफॉर्मन्स डोमेन. त्यामुळे उजळणीला बसलेला माणूस एक तक्ता करायला घेतो: डाव्या बाजूला जुन्या प्रक्रिया, उजव्या बाजूला नवी डोमेन, मध्ये बाण. दोन संध्याकाळी जातात, बाण एकमेकांत गुंततात आणि हाती काही लागत नाही.

हा तक्ता जुळत नाही, कारण दोन्ही पुस्तकं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. प्रोसेस ग्रुप सांगतात, कोणतं काम कशानंतर करायचं. डोमेन सांगतात, प्रकल्प चालू असताना काय साध्य होत राहायला हवं. आणि समोरचे दोन्ही मार्ग नियमात बसत असतील तेव्हा कोणता निवडायचा, हे तत्त्वं सांगतात. एवढं पक्कं लक्षात ठेवून एकच परिस्थिती दोनदा वाचायची सवय लावली, तर परीक्षेतल्या बऱ्याच प्रश्नांची गाठ सुटते. हे एका उदाहरणातून सविस्तर पाहू, पण आधी दोन्ही चौकटींची तोंडओळख.

सहाव्या आवृत्तीत पाच प्रोसेस ग्रुप आहेत: इनिशिएटिंग, प्लॅनिंग, एक्झिक्यूटिंग, मॉनिटरिंग अँड कंट्रोलिंग आणि क्लोजिंग. 49 प्रक्रियांची त्यांतली वाटणी बघण्यासारखी आहे. सुरुवातीच्या गटात दोनच प्रक्रिया, नियोजनात 24, अंमलबजावणीत 10, देखरेख आणि नियंत्रणात 12, समारोपात एक. म्हणजे जवळजवळ अर्धं पुस्तक नियोजनाचं आहे. प्रत्येक प्रक्रियेला काय लागतं, कोणती साधनं नि तंत्रं वापरायची आणि हाती काय येतं, याची यादी दिलेली असते. विद्यार्थी तिला आयटीटीओ म्हणतात आणि पूर्वी ती अक्षरशः घोकत. या चौकटीचं बळ तिच्या साखळीत आहे. तयार झालेला भाग आधी गुणवत्ता तपासणीतून जातो, मगच ग्राहकाच्या स्वीकृतीसाठी जातो. पहिल्या प्रक्रियेचं नाव कंट्रोल क्वालिटी, दुसरीचं व्हॅलिडेट स्कोप, आणि पहिलीतून बाहेर पडलेली वस्तू दुसरीत आत जाते. हा क्रम माहीत नसेल तर प्रश्न चुकतोच.

इथला एक सापळा जुना आहे. प्रोसेस ग्रुप म्हणजे प्रकल्पाचे टप्पे नव्हेत. इमारतीचा पाया, सांगाडा आणि अंतर्गत सजावट हे टप्पे झाले; त्यांतल्या प्रत्येकात सुरुवात, नियोजन, काम, देखरेख आणि समारोप हे पाचही गट येतात. हे सहाव्या आवृत्तीतही स्पष्ट होतं, तरी अजूनही अनेक जण पाच गटांना पाच टप्पे समजूनच पेपर सोडवतात.

सातव्या आवृत्तीचा पहिला भाग तत्त्वांचा आहे आणि दुसरा डोमेनचा. आठ डोमेन अशी: स्टेकहोल्डर, टीम, डेव्हलपमेंट अप्रोच अँड लाइफ सायकल, प्लॅनिंग, प्रोजेक्ट वर्क, डिलिव्हरी, मेझरमेंट आणि अनसर्टन्टी. ही आठही पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकाच वेळी चालू असतात, एक संपलं आणि दुसरं सुरू झालं असं होत नाही. प्रत्येक डोमेनच्या शेवटी एक छोटा तक्ता आहे. त्यात डाव्या रकान्यात अपेक्षित परिणाम आणि उजवीकडे तो साधला की नाही हे कशावरून ओळखायचं, ते दिलेलं आहे. उजळणीसाठी सातव्या आवृत्तीतली सगळ्यांत उपयोगी पानं हीच, असं माझं स्पष्ट मत आहे. आठ तक्ते, थोडीच पानं. पण डोमेन म्हणजे काय हे तिथेच कळतं.

आता उदाहरण. समजा, एका जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला आपल्या 60 शाखा जुन्या संगणकप्रणालीवरून नव्या प्रणालीवर न्यायच्या आहेत. मुदत 12 महिने, अंदाजपत्रक 6 कोटी रुपये. सोयीसाठी प्रत्येक शाखेचा खर्च सारखाच, 10 लाख धरू. दरमहा पाच शाखा अशी योजना आहे. सहा महिने संपले. 30 शाखा व्हायला हव्या होत्या, 24 झाल्या. खर्च झाला 2.7 कोटी.

पहिलं वाचन प्रक्रियांच्या चौकटीतून. आपण मॉनिटरिंग अँड कंट्रोलिंगमध्ये आहोत आणि अर्न्ड व्हॅल्यूची आकडेमोड करायची आहे. योजनेनुसार झालेल्या कामाची किंमत 3 कोटी, प्रत्यक्ष झालेल्या कामाची 2.4 कोटी, खर्च 2.7 कोटी.

```
SPI = EV / PV  = 2.4 / 3.0   = 0.80
CPI = EV / AC  = 2.4 / 2.7   = 0.889
EAC = BAC / CPI = 6.0 / 0.889 = 6.75
```

काम वेळेच्या मागे आहे आणि खर्च बेताबाहेर चालला आहे. खर्चाचा वेग असाच राहिला तर प्रकल्प 6 कोटींऐवजी पावणेसात कोटींवर जाईल. ‘असाच राहिला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण शेवटचं सूत्र तेवढ्याच गृहीतकावर उभं आहे. कारण शोधायचं, दुरुस्तीचा प्रस्ताव मांडायचा, गरज पडली तर बदलाची विनंती करायची, असा पुढचा क्रम. इथपर्यंत सहावी आवृत्ती उत्तम साथ देते.

दुसरं वाचन डोमेनमधून. मेझरमेंट डोमेन विचारतं: मोजताय ते नेमकं काय? आपल्या व्यवस्थापकाने शाखा ‘झाली’ असं केव्हा धरलं होतं? यंत्रं बसली, खातेदारांची माहिती नव्या प्रणालीत आली, प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर सह्या झाल्या, की शाखा झाली. तो 24 पैकी काही शाखांत संध्याकाळी सहा वाजता जाऊन बसला तेव्हा वेगळंच दिसलं. नऊ शाखांत क्लार्क दिवसभर जुन्याच रजिस्टरात नोंदी करत होते आणि काउंटर बंद झाल्यावर एक जण रात्री उशिरापर्यंत त्या नव्या प्रणालीत भरत होता. डे-एंड नव्या प्रणालीवर होत होता, पण व्यवहार होत नव्हते. अहवालात या शाखा हिरव्या होत्या.

समजा, सुरुवातीलाच व्याख्या अशी ठरली असती: सलग 15 दिवस सगळे व्यवहार काउंटरवरच नव्या प्रणालीत झाले, तरच शाखा झाली, तोपर्यंत श्रेय शून्य. ही शून्य-किंवा-शंभराची पद्धत अर्न्ड व्हॅल्यूमध्ये रूढच आहे. मग 24 ऐवजी 15 शाखाच मोजल्या जातील आणि झालेल्या कामाची किंमत 1.5 कोटी. वेळेचा निर्देशांक 0.50 वर येतो, खर्चाचा 0.56 च्या आसपास आणि प्रकल्पाचा अंदाजित खर्च 10.8 कोटींवर जातो. सूत्र तेच, खर्च तोच, फक्त ‘झालं’ची व्याख्या बदलली. नऊ शाखांना पूर्ण शून्य देणं कडक आहे, खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असेल. पण पावणेसात कोटींचा अंदाज किती भोळा होता, ते यातून दिसतं. प्रक्रियांची चौकट इथे चुकीची ठरत नाही. तिला मोजायला काय द्यायचं, ते ठरवण्याचं काम डोमेनचं आहे.

डिलिव्हरी डोमेन याच्या पुढे जातं. बँकेला नवी प्रणाली कशासाठी हवी होती? काउंटरवरचा वेळ वाचावा आणि ठेवीदाराला कुठल्याही शाखेतून पैसे काढता यावेत, म्हणून. त्या नऊ शाखांत दिवसभराच्या नोंदी रात्री प्रणालीत चढत असल्याने दुपारी दुसऱ्या शाखेत गेलेल्या खातेदाराची शिल्लक जुनीच दिसणार. वस्तू पोचली, फायदा पोचला नाही. सातव्या आवृत्तीत आउटपुट आणि आउटकम यांतला हा फरक वारंवार येतो, आणि परीक्षेतही.

आता याच प्रकल्पावरचा एक नमुना प्रश्न घेऊ. बँकेचे एक संचालक पुरवठादार कंपनीच्या टीम लीडला थेट फोन करून सांगतात, ‘सोनेतारण कर्जाचा भाग पुढच्या वर्षी देणार होतात ना, तो आत्ताच द्या.’ हा भाग मान्य झालेल्या व्याप्तीत नाही. प्रकल्प व्यवस्थापकाने सर्वप्रथम काय करावं? पर्याय असे: अ) संचालक वजनदार आहेत, काम सुरू करावं. ब) व्याप्तीत नाही म्हणून नम्रपणे नकार द्यावा. क) वेळ, खर्च, धोके आणि फायदा यांवर काय परिणाम होईल ते तपासावं. ड) विनंती थेट बदल नियंत्रण मंडळाकडे पाठवावी.

सहाव्या आवृत्तीवर वाढलेला विद्यार्थी अ आणि ब लगेच खोडतो. क आणि ड मध्ये त्याला थोडा वेळ लागतो, पण परिणाम न तपासता मंडळापुढे जाण्यात अर्थ नाही हे त्याला माहीत असतं. आधी परिणाम, मग रीतसर विनंती, मग परफॉर्म इंटिग्रेटेड चेंज कंट्रोल, मंजुरी मिळाल्यावर आराखड्यात बदल, संबंधितांना कळवणं आणि मग काम. उत्तर क. बरोबर.

सातवी आवृत्तीही क कडेच नेते, पण तपासायचं काय हे तिच्यामुळे बदलतं. स्टेकहोल्डर डोमेनमध्ये सहा पायऱ्या आहेत: ओळखा, समजून घ्या, विश्लेषण करा, अग्रक्रम ठरवा, सहभागी करून घ्या, लक्ष ठेवा. दुसरी पायरी बहुतेक जण वगळतात. व्यवस्थापक संचालकांकडे गेला आणि त्याने ही मागणी आत्ताच का, असं विचारलं. उत्तर मिळालं की त्यांच्या तालुक्यातल्या शाखांत निम्मे ग्राहक सोनेतारणासाठी येतात, मूल्यांकनाची पावती जुन्या रजिस्टरातच करावी लागते, आणि एकदा रजिस्टर उघडलं की क्लार्क बाकीचे व्यवहारही त्यातच लिहून मोकळे होतात. म्हणजे अडलेल्या नऊ शाखांचं कारण या फोनमध्येच होतं. कागदावर जी मागणी व्याप्तीबाहेरची घुसखोरी दिसत होती, ती रोगाचं निदान निघाली.

आता परिणामाचा हिशेब दोन्ही बाजूंनी करता येतो. हा भाग बनवायला समजा 25 लाख रुपये आणि तीन आठवडे लागतील. आधीच्या पावणेसात कोटींत ते मिळवले की 7 कोटी. फक्त खर्चाची बाजू पाहणारा मंडळापुढे जाऊन ‘आधीच खर्च वाढलाय, हे नको’ म्हणेल. पण हा भाग दिला नाही तर नऊ शाखांत गुंतवलेले 90 लाख जवळजवळ निष्फळ पडून राहतात, आणि उरलेल्या 36 शाखांपैकी जिथे जिथे सोनेतारण जास्त तिथे हेच पुन्हा होणार. ‘मूल्यावर लक्ष ठेवा’ आणि ‘प्रणालीतल्या परस्परसंबंधांची दखल घ्या’ ही सातव्या आवृत्तीतली दोन तत्त्वं इथे काम करतात. निर्णय मंडळाचाच, पण व्यवस्थापक त्यांच्यापुढे पूर्ण चित्र ठेवतो.

याच प्रश्नात एक वाक्य बदला. समजा, त्यात लिहिलं आहे की प्रणालीचे भाग दर दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत बनवले जात आहेत आणि बँकेकडून एक प्रॉडक्ट ओनर नेमलेला आहे. आता बदल नियंत्रण मंडळाची वाट धरायची गरज नाही. मागणी प्रॉडक्ट ओनरकडे जाते. तो टीमशी बोलून बॅकलॉगमध्ये ती कुठे बसवायची ते ठरवतो. पर्यायांत ‘प्रॉडक्ट ओनरबरोबर मागणीचा अग्रक्रम ठरवावा’ असं असेल तर उत्तर तेच. मूळ विचार बदललेला नाही, मागणी समजून घेणं आणि तोलणं तेच आहे. निर्णय कुणी कुठे घ्यायचा तेवढं बदललं. हे डेव्हलपमेंट अप्रोच या डोमेनचं क्षेत्र, आणि ‘संदर्भानुसार बेतून घ्या’ हे तत्त्व त्याच्या पाठीशी. म्हणून प्रश्न वाचताना आधी पद्धत शोधा: आयटरेशन, स्प्रिंट, बॅकलॉग असे शब्द आहेत, की बेसलाइन आणि बदल नियंत्रण मंडळ? सध्याच्या परीक्षेत निम्मे प्रश्न नियोजनाधिष्ठित पद्धतीचे आणि निम्मे अ‍ॅजाइल किंवा संमिश्र पद्धतीचे असतात. पद्धत न ओळखता दिलेलं उत्तर नशिबाने बरोबर येतं.

नावांच्या सारखेपणातून होणारा एक घोळ सांगायलाच हवा. प्लॅनिंग हा प्रोसेस ग्रुपही आहे आणि डोमेनही. गटात 24 प्रक्रिया येतात आणि त्यांतून वेगवेगळे आराखडे तयार होतात. डोमेनचा मुख्य प्रश्न मात्र असा आहे, की या प्रकल्पाला किती नियोजन पुरेसं आहे आणि ते केव्हा करायचं? आपल्या बँकेत शाखांचा क्रम, यंत्रांची खरेदी, रिझर्व्ह बँकेच्या नियमांचं पालन यांचं नियोजन आधीच आणि बारकाईने करावं लागेल. पण काउंटरवरच्या पडद्यांची मांडणी पहिल्या चार-पाच शाखांचा अनुभव घेतल्याशिवाय ठरवण्यात हशील नाही. एकाच प्रकल्पात दोन्ही प्रकार असू शकतात. प्रश्नात ‘अनिश्चितता जास्त आहे, गरजा बदलत आहेत’ असं दिलेलं असताना ‘सविस्तर आराखडा पूर्ण होईपर्यंत काम थांबवावं’ हा पर्याय आकर्षक वाटला, तर समजावं की आपण गट आणि डोमेन यांची गल्लत करत आहोत.

अनसर्टन्टी डोमेनचंही असंच. जुन्या चौकटीतलं जोखीम व्यवस्थापन त्यात येतं, पण त्याशिवाय संदिग्धता, गुंतागुंत आणि अस्थिरता हेही येतात. धोका नोंदवहीत लिहून त्याची शक्यता ठरवता येते. क्लार्क रजिस्टर का सोडत नाहीत, हे मात्र कुठल्याही नोंदवहीत नव्हतं. ते शाखेत जाऊन बसल्यावरच कळलं. बाकी डोमेनबद्दल इथे लांबण लावण्यात अर्थ नाही, ती याच रीतीने वाचता येतात.

मग परीक्षेसाठी कोणतं पुस्तक? याचं नेमकं उत्तर असं, की प्रश्न कोणत्याही एका पीएमबॉकवरून काढले जात नाहीत. परीक्षेचा आराखडा वेगळा असतो. त्याचं नाव एक्झामिनेशन कंटेंट आउटलाइन, आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. जानेवारी 2021 पासूनच्या आराखड्यात प्रश्नांची वाटणी माणसं 42 टक्के, प्रक्रिया 50 टक्के, व्यावसायिक परिसर 8 टक्के अशी आहे; 180 प्रश्न आणि 230 मिनिटं. सातव्या आवृत्तीनंतरही निम्मा पेपर प्रक्रियांचाच राहिला, हे प्रक्रिया सोडून देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. त्यांच्यासाठी संस्थेने प्रोसेस ग्रुप्सवर एक स्वतंत्र प्रॅक्टिस गाइडही काढलं. जुलै 2026 पासूनच्या नव्या आराखड्यात व्यावसायिक परिसराचा वाटा 8 वरून 26 टक्क्यांवर जातो. आपल्या उदाहरणात नऊ शाखांचा फायदा का पोचला नाही, हा प्रश्न नेमका त्याच कप्प्यातला.

नोव्हेंबर 2025 मध्ये आठवी आवृत्ती आली आणि या सगळ्या वादाचा निकाल तिथे दिसतो. तत्त्वं 12 वरून 6 झाली. डोमेन 7 झाली आणि त्यांची नावं गव्हर्नन्स, स्कोप, शेड्यूल, फायनान्स, स्टेकहोल्डर्स, रिसोर्सेस, रिस्क अशी आहेत, म्हणजे सहाव्या आवृत्तीतल्या विषयांच्या खूप जवळची. पाच जुने गट ‘फोकस एरिया’ या नावाने परत आले आणि त्यांच्याबरोबर 40 प्रक्रियाही, मात्र सक्तीच्या म्हणून नव्हे. मला हे योग्य वाटतं. सातव्या आवृत्तीने ‘का’ हा प्रश्न मध्यभागी आणला, पण नव्याने शिकणाऱ्याला सोमवारी सकाळी काय करायचं ते तिच्यातून कळत नव्हतं. आठवीत दोन्ही एकत्र आहेत.

उजळणीची पद्धत मी अशी सुचवेन. 49 प्रक्रियांचा तक्ता पाठ करू नका, पण बदल नियंत्रणाची, गुणवत्ता ते स्वीकृतीची आणि प्रकल्प बंद करण्याची, या तीन साखळ्या न अडखळता सांगता आल्या पाहिजेत. आठ डोमेनच्या शेवटचे परिणामांचे तक्ते दोनदा वाचा. मग सराव परीक्षेतला प्रत्येक चुकलेला प्रश्न घेऊन वहीत दोन ओळी लिहा: पहिलीत, मी साखळीत कुठे होतो आणि पुढची कडी कोणती, दुसरीत, या परिस्थितीत कोणता परिणाम धोक्यात होता. काही दिवसांनी वही उलटून पाहिली की आपली चूक क्रमाची होते की हेतू न ओळखल्याची, ते दिसेल. क्रमाची असेल तर सहावी आवृत्ती किंवा प्रॅक्टिस गाइड उघडा. हेतूची असेल तर सातवी.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी एक काम करा. तुमची परीक्षा जुलै 2026 च्या आधी आहे की नंतर ते पाहा, आणि त्या तारखेला लागू असलेला आराखडा उतरवून घ्या. पुस्तक कोणतं वाचायचं ते त्यानंतर ठरवा.